लग्नाचं वय वाढतंय, पण नेमकं कोणाचं?

गोदाकाठ (गंगाखेड)
आमच्या भावकीत तीन पोरं तिशीच्या पुढं गेली, अजून स्थळ जुळत नाही. आमच्या वेळी विशीत लग्न आणि वर्ष-दीड वर्षात घरात पाळणा. आता सरासरी वय वाढतंय असं सगळीकडं वाचतो. मुली शिकल्या, अपेक्षा वाढल्या, म्हणून लग्न लांबलं आणि मूलही लांबलं, असं माझं मत आहे. चूक असेल तर खोडून काढा.

आकडेमोड (परभणी, अध्यापक)
सर, परभणीत बसून हे वाचताना मला फार अस्वस्थ व्हायला होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या मुलींना विचारलं, अठराच्या आत लग्न झालं होतं का? राज्यात २१.९ टक्के मुली हो म्हणाल्या. बीडमध्ये ४३.७ टक्के, आणि आपल्या परभणीत ४८. म्हणजे जवळपास निम्म्या.

मग सरासरी वाढते कशी? समजा एका गावात वर्षभरात दहा मुलींची लग्नं झाली. पाच सतराच्या, पाच पंचवीसच्या. सरासरी २१. काही वर्षांनी तीन सतराच्या आणि सात पंचवीसच्या. सरासरी २२.६. कागदावर गाव दीड वर्षानं पुढं गेलं. पण एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी लग्न केलेली मुलगी त्या गावात एकही नाही, आणि ज्या तिघींना शाळेतून काढलं त्यांचं वय एका दिवसानंही वाढलेलं नाही. मराठवाड्यात मला हेच दिसतं. एकाच गल्लीत एक मुलगी छत्रपती संभाजीनगरला एम. एस्सी. करते आणि दुसरी नववीतून सासरी जाते. दोघींची मिळून काढलेली सरासरी दोघींपैकी कोणाचीच नसते.

आणखी एक. हे उत्तर देणाऱ्या मुलींची लग्नं बरीच वर्षं आधी झालेली असतात. म्हणून आज गावात काय चाललंय ते या आकड्यात उशिरा उमटतं. टाळेबंदीत गुपचूप उरकलेली लग्नं त्यात आलेलीच नाहीत.

काळी_माती (केज)
सर, मी ३३ वर्षांचा. साडेतीन एकर कोरडवाहू, सोयाबीन अन् तूर. सात वर्षांत अठरा ठिकाणी पोरगी बघाय गेलो. पहिला प्रश्न एकच, नोकरी कुठं? दुसरा, पाण्याचं काय? माझं लग्न मी लांबवलं नाही, ते लांबलं. ‘वय वाढतंय’ म्हणताना माझ्यासारख्याला बी त्यात मोजता, मग ही प्रगती म्हणायची का?

बालाघाट_७७ (पाटोदा)
दादा, पोरीच नाहीत तर मिळतील कुठून? २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली. गर्भात मारल्या. त्याचीच शिक्षा आजची तिशीची पोरं भोगतायत.

आकडेमोड
निम्मं बरोबर आहे, पण पिढी चुकली. ते ८०७ म्हणजे साधारण २००४ ते २०११ मध्ये जन्मलेल्या मुली. त्यांच्यातली सर्वांत मोठी आत्ता कुठं विशीच्या आसपास आली. ३३ वर्षांच्या मुलासाठी जी स्थळं बघितली जातात त्या मुली नव्वदच्या दशकातल्या. २००१ च्या जनगणनेत बीडचा तोच आकडा ८९४ होता. तूट तेव्हाही होती, पण खरी मोठी तूट अजून यायची आहे. आज बारावीत असलेल्या मुलांच्या वाट्याला ती येणार.

त्यात अजून एक गोष्ट मिळते. मुलगा मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा हवा, हा आपला रिवाज. जन्म कमी होत गेले की धाकटी पिढी थोरलीपेक्षा लहान असते, त्यामुळं मोठ्या संख्येतले मुलगे लहान संख्येतल्या मुली शोधतात. वर, केजची मुलगी पुण्यात दिली जाते, पुण्याची केजला येत नाही. साडेतीन एकरवाल्यावर हे तिन्ही भार एकदम पडतात. काळी_माती, तुमच्या अठरा नकारांना मुलींच्या अपेक्षा हे एकच कारण देणं मला अन्यायाचं वाटतं. तुमच्यावरही आणि त्या मुलींवरही.

निर्मळ_मन (उदगीर)
सरकारनं मुलीचं वय २१ केलंय ना? मग वाद कशाला?

आकडेमोड
नाही ताई. तसं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये आलं होतं, पण लोकसभेची मुदत संपताच ते बारगळलं. कायद्यात आजही मुलीला १८ आणि मुलाला २१ च आहे.

आशाताई (अंबड तालुका)
लग्नावर सगळे बोलले, पाळण्याचं राहिलंच. गोदाकाठ सर, मूल लांबलं हे तुमचं म्हणणं मला माझ्या रजिस्टरमध्ये दिसत नाही. लग्न सतराव्या वर्षी झालेलं असो की पंचविसाव्या, वर्ष उलटलं की सासू हाताला धरून विचारते, “ताई, अजून काही नाही, कोणता दवाखाना बघू?” पंचवीसची शिकलेली सून असली तरी पहिलं बाळंतपण दीड-दोन वर्षांत. मी गोळ्या देते, ‘अंतरा’चं इंजेक्शन सांगते, पण पहिल्या मुलाआधी ते घेणारी हजारात एखादी. मग पाठोपाठ दुसरं, आणि पंचविशीच्या आत-बाहेर ऑपरेशन. पहिल्या मुलाचं वय लग्नाच्या वयाला बांधलेलं आहे, ते आपलं आपण चालत नाही.

आणि कमी वयाची नोंद कशी लपते तेही सांगते. पोट दिसायला लागल्यावर नाव घालायला येतात. आधार कार्डावर एकोणीस, शाळेच्या दाखल्यावर सोळा. दाखला मागितला की “हरवला” म्हणतात. दोन-तीन घरांत मी स्वतः दाखला शोधून काढला आणि मग भांडण घेतलं.

गोदाकाठ
आशाताई, पाळण्याबाबत मी चुकलो, मान्य. पण शहरात गेलेल्यांचं तसं नाही. माझी पुण्यातली पुतणी ३१ ची, लग्न होऊन चार वर्षं झाली, अजून विचार नाही. तिशीनंतर दिवस जायला अडचणी वाढतात, हे डॉक्टरच सांगतात. त्याची काळजी करणं जुनाट आहे का?

आशाताई
काळजी जुनाट नाही सर. पण माझ्यासमोर सोळाची पोर रक्त कमी म्हणून जालन्याला पाठवावी लागते. माझा जीव आधी तिच्यात अडकतो.

कोयता (वडवणी)
तुम्ही सगळे शिकलेले. मी माझ्या पोरीचं सोळाव्या वर्षी लग्न केलं, खोटं कशाला बोलू. दिवाळी झाली की आम्ही दोघं कारखान्यावर जातो, ते पाडव्यापर्यंत. मागं घरी म्हातारी, तिला दिसत नाही. पोरीला एकटी ठेवायची तर रात्री झोप लागत नाही, फडावर न्यायची तर कोपीला दार नाही. जावयाला बायको आली की त्याचा पुरा कोयता होतो, मुकादम उचल जोडीला देतो, एकट्याला अर्धीच. वय मला बी कळत होतं. सहा महिने तिला कोणाच्या भरवशावर ठेवायची, तेवढं सांगा.

आकडेमोड
ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी शासकीय वसतिगृहं आहेत. चौकशी केली होती का?

कोयता
केली होती. जागा भरल्या म्हणले. धाकटी आता सातवीत आहे.

आशाताई
दादा, तुमचं गाव वडवणीकडून कोणत्या बाजूला? तिथल्या आशाला मी ओळखत असेन. धाकटीचं नाव जूनच्या आधी, पहिल्या यादीतच लागलं पाहिजे. तिचा शाळेचा दाखला आणि तुमचं ऊसतोडीचं ओळखपत्र आजच एका पिशवीत काढून ठेवा.