मदत हवी आहे: पोस्टरच्या कलर प्रूफसाठी प्रेसला मेल कसा लिहू?

१७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनासाठी एआयने पोस्टरचं चित्र बनवलंय; अक्षरं मी वेगळी टाकलीत. लातूरच्या एका डिजिटल प्रेसला १२ बाय १८ इंचाच्या १०० प्रती सांगायच्यात. चित्र १०२४ बाय १५३६ पिक्सेलचं, म्हणजे इंचाला जेमतेम ८५. मोठं करून पाहिलं, चेहरे धूसरच राहतात. पण भिंतीवर लांबून चालेल. खरी अडचण रंगाची. फाइल आरजीबी आहे, सीएमवायके केली की आभाळाचा झगझगीत निळा पार मळकट होतो.

मेलमध्ये एवढं लिहिलंय: "पीडीएफ सोबत आहे, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड. छपाईच्याच कागदावर, त्याच मशीनवर एक प्रूफ काढून द्या, पैसे वेगळे देतो." (प्रेसवाले काका व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो म्हणतात!)

आता सीएमवायके मीच करून पाठवू, की आरजीबी देऊन 'तुमच्या मशीनच्या प्रोफाइलने करा' असं लिहू?