शब्दचर्चा: ‘ब्लू’ राहत नाही म्हणजे त्यातला नेमका कोणता शब्द जातो?

गौरी_ना: इकॉनोमेट्रिक्सच्या पुस्तकात गाउस-मार्कोव्हचं कुठलंही गृहीतक मोडलं की एकच वाक्य येतं: ‘ओएलएस आता ब्लू राहत नाही’. पण बेस्ट, लिनियर, अनबायस्ड असे वेगवेगळे शब्द आहेत ना त्यात? कशाने काय जातं?

बाराखडी: मराठीत ‘सर्वोत्तम रेषीय अनभिनत आकलक’ म्हणतात. अभिनती म्हणजे एका बाजूला कल.

गौरी_ना: आभारी आहे, पण प्रतिशब्द नको होता. कोणता गुण कधी जातो ते हवंय.

मुक्काम_पोस्ट: त्रुटींचा व्हेरियन्स सगळीकडे सारखा नसेल तर अंदाज चुकतो, म्हणजे अनबायस्ड गेलं. बेस्टही गेलं. स्टँडर्ड एररही चुकीचा येतो.

त्रिज्या: मुक्काम, बेस्ट गेलं हे खरं, पण अनबायस्ड शाबूत असतं. एकच अंतर दोघांनी मोजलं असं समजा. पहिल्याच्या मोजणीचा व्हेरियन्स १, दुसऱ्याचा ९, आणि दोघांच्या चुका एकमेकांशी निगडित नाहीत. साध्या सरासरीचा व्हेरियन्स (१ + ९) ÷ ४ = २.५. म्हणजे दुसऱ्याची मोजणी फेकून दिली असती तरी बरं झालं असतं! ०.९ आणि ०.१ असे भार दिले तर व्हेरियन्स ०.९ वर येतो. दोन्ही सरासऱ्या लिनियर आहेत, दोन्ही अनबायस्ड आहेत. साधी सरासरी फक्त बेस्ट उरली नाही. भार देण्याची ही युक्ती व्यापक रूपात एटकेन यांनी १९३५ मध्ये मांडली.

मुक्काम_पोस्ट: बरं. पण स्टँडर्ड एररचं तरी खरं ना?

त्रिज्या: नेहमी नाही. वरच्याच उदाहरणात सरासरीच्या व्हेरियन्सचं नेहमीचं सूत्र सरासरीने २.५ च देतं, म्हणजे अगदी बरोबर. व्हेरियन्स x बरोबर बदलायला लागला की गडबड होते. x = −१, ० आणि १ असे तीनच बिंदू घ्या, टोकांना व्हेरियन्स ४, मध्ये १. चढाच्या अंदाजाचा खरा व्हेरियन्स (४ + ४) ÷ २² = २ आहे, पण सॉफ्टवेअर छापतं ते सूत्र सरासरीने १ सांगतं. चढ अनबायस्डच, पण त्यावरचा विश्वास फाजील. व्हाइट यांची १९८० ची दुरुस्ती याच छापलेल्या स्टँडर्ड एररसाठी आहे, आणि तीही मोठ्या नमुन्यातच भरवशाची. गेलेलं ‘बेस्ट’ ती परत आणत नाही.

कांदेवाला: माझंच सांगतो. एकरी कांद्याचं उत्पादन आणि खताच्या गोण्या असं रिग्रेशन केलं. एका गोणीमागे साडेतीन क्विंटल वाढ दिसते, आमच्या भागातला माणूस दोनच्या वर मानत नाही. रेसिड्युअलचा आलेख काढला, कुठेही पंख्यासारखा पसरत नाही. मग व्हेरियन्स ठीकच म्हणायचा ना?

त्रिज्या: व्हेरियन्स ठीक असेल, पण तुमचं दुखणं ते नाही. पाण्याच्या पाळ्या मॉडेलमध्ये आहेत का?

कांदेवाला: नाहीत. ज्यांची विहीर चांगली तेच खत जास्त टाकतात, हे मात्र खरं.

त्रिज्या: मग हिशेब बघा, आकडे मी कल्पिलेले आहेत. एका गोणीने खरी वाढ २ क्विंटल, पाण्याच्या एका पाळीने ३, आणि एक गोणी जास्त टाकणारा सरासरी अर्धी पाळी जास्त देतो. पाणी वगळलं की खताच्या चढात २ + ३ × ०.५ = ३.५ येतात. इथे ‘अनबायस्ड’ पडलं, कारण त्रुटीत लपलेलं पाणी x शी बांधलेलं आहे. हजार शेतकरी आणखी घेतले तरी आकडा ३.५ भोवतीच घट्ट होईल. आणि हे रेसिड्युअलमध्ये दिसायचं नाही: ओएलएस रेसिड्युअल बनवतं तेच x शी सहसंबंध शून्य ठेवून. ते शेतातच शोधायला हवं.

गौरी_ना: आणि दोन चलांचा आपसात जोरदार सहसंबंध असेल तर? आमच्या वर्गात तेही या यादीत घालतात.

त्रिज्या: काढून टाका. पाणी मॉडेलमध्ये घेतलंत की नेमकं तेच होईल, दोन्ही चढांचे स्टँडर्ड एरर फुगतील, पण ओएलएस ब्लूच राहील. संबंध तंतोतंत असेल तरच अंदाज एकमेव उरत नाही. नॉर्मल वितरणही या प्रमेयाला लागत नाही.

मुक्काम_पोस्ट: म्हणजे ‘लिनियर’ला कोणीच धक्का लावत नाही?

त्रिज्या: तो शब्द अंदाज y मध्ये रेषीय असण्याबद्दल आहे, ओएलएसचं सूत्रच तसं आहे. मात्र ब्रूस हॅन्सन यांनी २०२२ मध्ये ‘लिनियर’ ही अट गाळली तरी चालते असं मांडलं. त्यावर पॉट्शर आणि प्राइनर्स्टॉर्फर यांचा आक्षेप असा की, हॅन्सन मागतात तितक्या सगळ्या वितरणांसाठी अनबायस्ड राहणारे अंदाज मुळात रेषीयच निघतात, मग गाळलं काय?

मुक्काम_पोस्ट: मला हॅन्सन यांचं पटतं. आधी सांगावी लागणारी अट आता सिद्ध होते, हे थोडं नाही.

कांदेवाला: पाळ्यांची नोंद कोणी ठेवत नाही हो. विजेच्या बिलावरून अंदाज काढला तर चालेल का?