मदत हवी आहे: जाहिरातींचा अलर्ट सारखा वाजतो, म्हणून कुणी बघतच नाही

घाटवाट: एका क्लासच्या प्रवेशांसाठी गूगल सर्चवर कॅम्पेन चालू आहे. बजेट रोज २००० रुपये, क्लिक साधारण ८०, लीड सरासरी ६. लीड ३० टक्क्यांनी घसरले किंवा खर्च बजेटच्या १२० टक्क्यांवर गेला की सकाळी ९ ला मेल येतो. महिन्याला दहा-बारा मेल होतात. परवा फॉर्म दीड दिवस बंद होता आणि तो मेल कुणी उघडलाच नाही. मर्यादा किती ठेवू?

बेरीजवजा: ३० चे ५० टक्के करा, विषय संपला.

हापूस_घरपोच: आमच्याही ऑर्डर इन्स्टावर अशाच पडल्या होत्या. व्हिडिओ बदलून बघा.

घाटवाट: लीड पडलेले नाहीत हो. अलर्ट नको तेव्हा वाजतोय.

तिसरा_मजला: शीटमध्ये हे टाकून बघा.

```
=POISSON.DIST(4,6,TRUE)
```

उत्तर 0.285 येतं. म्हणजे सरासरी ६ असताना, काहीही न बिघडता, साडेतीन दिवसांतून एकदा लीड ४ किंवा त्याखाली येणारच. बेरीजवजांचे ५० टक्के म्हणजे ३. तेही आठवड्यातून एकदा होतं. आकडा लहान असला की टक्केवारी अशीच फसवते. एका दिवसाचा मेल लीड १ किंवा ० असेल तरच पाठवा, तो उगाच वाजला तर दोन महिन्यांतून एकदा. हळूहळू होणारी घसरण तीन दिवसांच्या बेरजेवर पकडा: १८ अपेक्षित, ९ किंवा कमी झाले की मेल.

खर्चाचा नियम काढून टाका. गूगल एखाद्या दिवशी बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करतं आणि महिन्याचा हिशोब ३०.४ पटीत बसवतं. २४०० वर ओरडणं म्हणजे त्याच्या नेहमीच्या वागण्यावर ओरडणं.

बंद फॉर्म सकाळच्या मेलने वेळेत सापडणारच नाही. त्यासाठी दर तासाला चालणारी स्क्रिप्ट लावा: सलग ६० क्लिक झाले आणि लीड शून्य, तर थेट फोनवर मेसेज. तुमच्या दराने असं नुसत्या योगायोगाने होण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास. लीड मात्र फॉर्मच्या शीटमधून मोजा. गूगलमध्ये कन्व्हर्जन उशिरा दिसतं, शिवाय ते क्लिकच्या तारखेवर चढतं, त्यामुळे कालचा आकडा आज वाढलेला दिसतो.

बेरीजवजा: बरं, ५० टक्के मागे घेतो. पण रविवारी यांचे लीड ३ च येत असतील तर? ‘१ किंवा ०’ मग दर पाचव्या रविवारी वाजेल.

घाटवाट: रविवारी तीनच असतात, बरोबर.

तिसरा_मजला: मग रविवारी दिवसाचा नियम बंद ठेवा, ६० क्लिकचा चालू राहू दे. वारानुसार वेगळी सरासरी काढता येते, पण चार रविवारांचे मिळून बाराच लीड होतात. त्यावर मर्यादा बेतायला माझं मन धजत नाही.

बेरीजवजा: आठ रविवार घ्या की.

तिसरा_मजला: आठ आठवड्यांत प्रवेशांचा हंगामच सरतो.