मदत हवी आहे: विम्याच्या धड्याचा सारांश, तिन्ही घटना परत आल्या

परभणी_बीकॉम: उद्या सकाळी वही द्यायची आहे. परम विश्वास, नुकसानभरपाई आणि विमा हित, प्रत्येकाची व्याख्या आणि एक छोटी घटना लिहायची. व्याख्या चालल्या, पण तिन्ही घटनांपुढं मॅडमनी लाल पेनानं "नक्की कोणतं तत्त्व?" लिहून वही परत दिली. काय चुकायलंय कळेना. कोणी तीन घटना द्या पटकन.

अश्विनी_जालना: तू लिहिलेल्या घटना टाक आधी. न बघता चूक कशी सांगायची?

लातूरचा_दादा: एजंटच्या भरवशावर फॉर्म भरू नकोस. आमच्या वडिलांचा फॉर्म एजंटनंच भरला, बीपीच्या गोळ्या चालू असल्याचं लिहिलंच नाही, आणि क्लेम नाकारला. तू स्वतः वाचून सही कर.

परभणी_बीकॉम: दादा, मला पॉलिसी काढायची नाही, अभ्यास आहे. घटना अशा होत्या. एक: साखर लपवून आयुर्विमा काढला, माणूस वारला, क्लेम नाकारला. दोन: नवरा वारला, बायकोला 5 लाख भरपाई मिळाली. तीन: शेजाऱ्याच्या जिनिंगमधल्या कापसाचा विमा काढला, मालकी लपवली, आग लागली, पैसे मिळाले नाहीत.

अश्विनी_जालना: दुसरी सरळ चूक आहे. आयुर्विम्यात भरपाई मोजतच नाहीत, ठरलेली रक्कम देतात. माणसाची किंमत कशी काढणार?

निवृत्त_सर्व्हेअर_नांदेड: बाळा, तिसरीत तू दोन तत्त्वं एकत्र केलीस. मालकी लपवली की परम विश्वासही मोडतो, मग पैसे कशामुळे गेले ते वाचणाऱ्याला कळत नाही. घटना अशी घे, की एकच तत्त्व मोडलंय.

विमा हित म्हणजे वस्तू गेली तर कायद्यानं आपलं नुकसान होतं का. त्यासाठी मॅकॉरा यांचा खटला घे. त्यांनी आपलं लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकलं. जवळजवळ सगळे शेअर त्यांचे, वर कंपनी त्यांची कर्जदार. पण लाकडाचा विमा त्या कंपनीच्या नावानं न काढता स्वतःच्या नावानं काढला. लाकूड जळालं. फसवणुकीचा आरोप झाला, तो सिद्ध झाला नाही, तरी 1925 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं पैसे नाकारले. लाकूड कंपनीचं होतं, शेअरधारकाचं नव्हतं. तुझ्या भाषेत: जिनिंग प्रायव्हेट लिमिटेड आहे, कापूस तिचा, आणि विमा मालकाच्या वैयक्तिक नावावर.

गणेश_बीड: विमा हित पॉलिसी काढताना आणि नुकसान होताना, दोन्ही वेळी लागतं. हेही लिही.

निवृत्त_सर्व्हेअर_नांदेड: आगीच्या विम्यात बरोबर. आयुर्विम्यात फक्त काढताना लागतं, पुढं घटस्फोट झाला तरी पॉलिसी चालू राहते. सागरी विम्यात नुकसान होताना असलं की पुरतं.

आता भरपाई. कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन, 1883. घर 3,100 पौंडांना विकायचा करार झाला. व्यवहार पुरा होण्याआधी आग लागली आणि विमा कंपनीनं विकणाऱ्याला 330 पौंड दिले. नंतर खरेदीदारानं ठरलेली पूर्ण किंमत दिली. म्हणजे विकणाऱ्याचं काहीच बुडालं नाही, म्हणून 330 पौंड परत करावे लागले. आगीच्या वेळी घर त्याचंच होतं, लपवलं काही नव्हतं, प्रश्न फक्त भरपाईचा. पण ही गोष्ट बदलून सेलूच्या गोदामावर बेतू नकोस. आपल्याकडे मालकी जाईपर्यंत नुकसान खरेदीदारावर पडत नाही, घटना फसेल.

गणेश_बीड: साखरेच्या घटनेचं काय? माणूस साखरेनं वारला नसेल तर क्लेम द्यावाच लागतो.

अश्विनी_जालना: असं काही नाही. विमा देताना कंपनीच्या निर्णयावर परिणाम झाला असता का, एवढंच बघतात. 2009 साली सुप्रीम कोर्टानं मेडिक्लेमच्या प्रकरणात मधुमेह आणि किडनीचा आजार लपवल्यावर नकार योग्य ठरवला.

गणेश_बीड: आणि 2015 चा निकाल? पाठीचं दुखणं सांगितलं नव्हतं, मृत्यू हृदयविकारानं झाला, कोर्टानं घरच्यांच्या बाजूनं दिला.

निवृत्त_सर्व्हेअर_नांदेड: दोन्ही निकाल आहेत, हा वाद इथं मिटायचा नाही. परभणी, तुझ्या पहिल्या घटनेत तीन गोष्टी घाल: फॉर्ममध्ये साखरेचा प्रश्न होता, त्याला आजार माहीत होता, आणि पॉलिसी काढून दुसऱ्याच वर्षी तो वारला. चौथं वर्ष लिहिलंस तर 2015 च्या दुरुस्तीनंतरचं विमा कायद्याचं कलम 45 आडवं येतं, तीन वर्षांनंतर पॉलिसीवर हरकत घेता येत नाही.

लातूरचा_दादा: तीन वर्षं? वडिलांची पॉलिसी पाच वर्षं जुनी होती.

निवृत्त_सर्व्हेअर_नांदेड: आयुर्विमा होता का मेडिक्लेम? हे कलम आयुर्विम्यालाच लागतं. नकाराचं पत्र काढा, कारण आणि तारीख इथं सांगा.

परभणी_बीकॉम: तिसरी बदलली: "कापूस जिनिंग कंपनीचा, विमा संचालकाच्या नावावर, विमा कंपनीला सगळं सांगितलेलं." पण सगळं सांगितलं होतं तर विमा कंपनीनं हप्ता घेतलाच कसा? मॅडम हेच विचारतील.

अश्विनी_जालना: "सांगितलेलं" काढ. "कोणी विचारलं नाही, त्यानं खोटं बोललं नाही" एवढंच ठेव.