मदत हवी आहे: रिपोर्ट एकच, पण ‘विक्री’चा अर्थ तीन विभागांचा तीन, व्याख्या लिहायच्या कशा?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. सांवेर रोडवरच्या एका नमकीन कारखान्यात मी डेटाचं काम बघतो. रोज सकाळी साडेसातला सगळ्या विभागप्रमुखांना आपोआप एक रिपोर्ट ईमेलने जातो. आकडे थेट डेटाबेसमधून येतात, मध्ये कुणाचा हात लागत नाही. तरीही सोमवारची मीटिंग ‘हा आकडा चुकीचा आहे’ यावरच अडते.

सगळ्यात जास्त भांडण ‘विक्री’ या एका ओळीवरून होतं. सेल्सवाले म्हणतात, ऑर्डर घेतली की विक्री झाली. डिस्पॅचचे साहेब म्हणतात, गाडी गेटबाहेर पडली की विक्री. अकाउंट्स म्हणतं बिल, आणि तेही परत आलेला माल वजा करून. माझ्या क्वेरीत बिलाची एकूण रक्कम आहे, म्हणजे ती तिघांपैकी कुणाच्याच आकड्याशी जुळत नाही. महिनाअखेरीला तर फारच तफावत पडते.

प्रत्येक आकड्याचा अर्थ लिहून ठेवलेली एक डेटा डिक्शनरी करावी असं ठरलंय आणि ती माझ्याकडे आली आहे. रिपोर्टमध्ये चाळीसेक आकडे आहेत. सुरुवात कुठून करू? एका नोंदीत काय काय लिहायचं? आणि मुख्य म्हणजे, खरी व्याख्या कुठली हे ठरवायचं कुणी? मी ठरवली तर उद्या तिघंही माझ्यावरच उलटतील.

लष्करवाली

ग्वाल्हेरहून लिहितेय. यासाठी हाताने काही लिहायची गरज नाही हो, डेटाबेसच यादी देतो. आम्ही अशीच काढली होती:

```sql
SELECT table_name, column_name, data_type
FROM information_schema.columns
WHERE table_schema = 'public';
```

एक्सेलमध्ये टाका आणि सगळ्यांना पाठवा.

हिशेबनीस

भिया, यात ठरवण्यासारखं काय आहे? मी इंदुरातच बरीच वर्षं अकाउंट्स केलंय. बिल फाटलं की विक्री, बाकी सगळ्या गप्पा. पुस्तकात जे आहे तेच रिपोर्टमध्ये द्या आणि ऑर्डरचे आकडे काढूनच टाका. भांडण मुळातून मिटेल.

तुमच्या क्वेरीत बिलाची एकूण रक्कम आहे म्हणता, म्हणजे त्यात जीएसटी धरलाय. तो आधी काढा. पॅकबंद नमकीनवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. करापूर्वी 1,000 रुपयांची पेटी आधी बिलात 1,120 ची दिसायची, नंतर 1,050 ची दिसायला लागली. पेट्या तेवढ्याच, करापूर्वीचा भावही तोच, तरी तुमच्या आलेखात विक्री सव्वासहा टक्क्यांनी घसरलेली दिसणार. मागच्या वर्षाशी तुलना करणाऱ्याला वाटेल धंदा बसला.

रामबागकर

हिशेबनीस काका, अगदी हेच झालंय! ऑक्टोबरमध्ये त्या घसरणीवरून सेल्सच्या मुलांना बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. कर आजच काढतो.

पण ऑर्डर काढून टाकली तर उत्पादनवाल्यांना कळणार कसं, उद्या कुठली शेव किती लागणार ते?

बडोदेकर

मी बडोद्यात एका औषध वितरण कंपनीत हेच काम करते. आमच्याकडेही ‘सेल’ या शब्दावरून असंच चालायचं. थोडं सविस्तर लिहिते.

लष्करवाली ताईंनी दिलेली यादी उपयोगाची आहे, पण तिचं काम वेगळं. `amount` या कॉलममध्ये संख्या असते एवढं ती सांगेल. त्या रकमेत कर धरलाय का, रद्द बिलं धरलीत का, तारीख कुठली, हे सांगणार नाही. आणि भांडण नेमकं त्यावरच आहे.

काकांचं पैशांच्या आकड्यापुरतं बरोबर आहे. पण तीन विभाग तीन वेगळे प्रश्न विचारतायत: मागणी किती आली, माल किती गेला आणि पैसे किती लागू झाले. तिन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणून खरी विक्री कुठली याचा निवाडा करत बसू नका. तिघांना तीन नावं द्या आणि नुसतं ‘विक्री’ हे नाव रिपोर्टमधून कायमचं काढून टाका. विशेषण नसलेला शब्द राहिला की प्रत्येक जण आपापला अर्थ त्यात भरतो.

मीटिंगमध्ये व्याख्या घेऊन जाऊ नका, त्यावर नुसती चर्चा होते. एक खरी ऑर्डर घेऊन जा. समजा खंडव्याच्या डीलरने 30 तारखेला संध्याकाळी 100 पेट्या सांगितल्या, करापूर्वी 1,000 रुपये पेटी. लसूण शेव कमी पडली म्हणून 80 च भरल्या. गाडी रात्री भरली, बिल 1 तारखेला पहाटे दोनला निघालं. पाच पेट्या दबलेल्या निघाल्या, त्यांची क्रेडिट नोट 6 तारखेला झाली. आता प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा: या ऑर्डरची विक्री किती आणि कुठल्या तारखेची?

सेल्स लिहील एक लाख, 30 तारीख. डिस्पॅच 80 पेट्या, 1 तारीख. तुमचा सध्याचा रिपोर्ट 84,000, कारण 5 टक्के कर धरलाय. अकाउंट्स 80,000 बिल आणि नंतर 5,000 वजा, म्हणजे 75,000. चारही कागद शेजारी ठेवले की कळतं, चुकलेलं कुणीच नाही. एक लाखातून 20,000 चा माल भरला नाही, 5,000 चा परत आला, उरले 75,000. ही उतरंड रिपोर्टमध्येच द्या: ऑर्डर मूल्य, त्यातून न भरलेला माल वजा, त्यातून परतावा वजा, शेवटी निव्वळ विक्री. आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी कुठे जोडला जातो हे दिसलं की आमच्याकडे आवाज आपोआप उतरला.

आणि एक गोष्ट लगेच तपासा. तुमच्या सर्व्हरची वेळ कुठली आहे?

रामबागकर

ताई, वेळ यूटीसी आहे. का?

बडोदेकर

मग तुमची महिनाअखेरीची तफावत बरीचशी तिथे असेल. यूटीसी आपल्या साडेपाच तास मागे. 1 तारखेच्या पहाटे दोनला निघालेलं बिल सर्व्हरला 30 तारखेच्या रात्री साडेआठचं दिसतं. अकाउंट्सच्या पुस्तकात ते पुढच्या महिन्यात, तुमच्या रिपोर्टमध्ये मागच्या महिन्यात. दिवसा बिलं होणाऱ्या ठिकाणी हे कधी लक्षातही येत नाही. तुमच्याकडे रात्री गाड्या भरतात, म्हणून टोचतं.

`created_at` टाइमझोनशिवाय साठवलेलं असेल आणि पोस्टग्रेस असेल तर:

```sql
(created_at AT TIME ZONE 'UTC'
            AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

ओळखायची खूण अशी: फरक पडणारी बिलं वेगळी काढा. सगळी रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधली निघाली तर कारण हेच. मात्र तुमच्याकडे बिलाची तारीख म्हणून वेगळा कॉलम असेल तर तोच वापरा, `created_at` ला हात लावू नका.

लष्करवाली

आता मुद्दा लक्षात आला. आमच्याकडे दवाखान्याच्या रिपोर्टमध्ये ‘रुग्ण’ असं आहे. एकच माणूस महिन्यात तीनदा आला तर नोंदणी खिडकी एक मोजते, ओपीडी तीन मोजते, आणि औषधाच्या खिडकीचा आकडा तिसराच. म्हणजे ‘नोंदलेले रुग्ण’ आणि ‘भेटी’ अशी दोन नावं करायला हवीत. पण आमचे वरिष्ठ म्हणतात, वर्षानुवर्षांचं नाव बदलायचं नाही. यावर कुणाकडे काही उपाय?

बडोदेकर

ताई, जुनं नाव तसंच ठेवून त्याच्यापुढे शेपूट जोडता येतं: ‘रुग्ण (भेटी)’. आम्ही काही ठिकाणी तसंच केलं. वरिष्ठांनाही चाललं.

रामबागकर

खंडव्याच्या ऑर्डरचा प्रयोग आज छोट्या बैठकीत केला. डिस्पॅचचे साहेब स्वतःच म्हणाले, ‘मग माझ्या आकड्याला विक्री म्हणू नका, रवानगी म्हणा.’ रात्रीची बिलंही तपासली. तफावतीतली बहुतेक तीच निघाली, थोडी अजून उरली आहेत.

पहिली नोंद अशी लिहिली आहे, बघून सांगा:

नाव: निव्वळ विक्री
अर्थ: डीलरला दिलेल्या बिलांची करापूर्वीची रक्कम, परत आलेला माल वजा करून
धरलं: सर्व डीलरची बिलं
वगळलं: जीएसटी, रद्द बिलं, कारखान्याच्या दुकानातली रोख विक्री
तारीख: बिलाची तारीख, भारतीय वेळ
एकक: रुपये
जबाबदार: अकाउंट्स प्रमुख
लागू: पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून

बडोदेकर

चांगली आहे. ‘वगळलं’ ही ओळ सगळ्यात मोलाची, ती प्रत्येक नोंदीत अशीच ठेवा. जबाबदार म्हणून माणसाचं नाव न घालता पद घातलंत तेही बरं केलंत. व्याख्या ठरवायचा हक्क त्या पदाचा, क्वेरी तिच्याप्रमाणे चालवण्याची जबाबदारी तुमची. तुमच्या मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच.

एक भोक राहिलंय. परत आलेला माल वजा करायचा तो कुठल्या तारखेला? मूळ बिलाच्या तारखेला केलात तर मागच्या महिन्याचे आकडे बदलत राहतील आणि ‘काल वेगळा होता, आज वेगळा’ अशी नवी तक्रार सुरू होईल. क्रेडिट नोटच्या तारखेला केलात तर जुना महिना गोठतो, पण सप्टेंबरच्या मालाचा परतावा ऑक्टोबरला खातो.

हिशेबनीस

क्रेडिट नोटच्या तारखेलाच करा. जीएसटीतही ती ज्या महिन्यात काढली त्या महिन्याच्या विवरणात दाखवतात. पुस्तकाशी जुळलं पाहिजे.

आणि स्कीमच्या पेट्या विसरू नका. बारावर एक फुकट दिली तर ती रवानगीत मोजायची की नाही? पेट्यांच्या आकड्यात ती येते, रुपयांत येत नाही. रुपये भागिले पेट्या करून सरासरी भाव काढला की खाली पडलेला दिसतो. आणि ऑर्डर काढून टाका म्हणालो होतो, ते राहू द्या. ही उतरंड मला पटली.

बडोदेकर

काका, हा प्रश्न माझ्या लक्षातून निसटला होता. माझ्या मते ‘रवानगी पेट्या’मध्ये धरा आणि ‘त्यातल्या स्कीमच्या’ अशी वेगळी ओळ द्या.

रामबागकर, चाळीसच्या चाळीस नोंदी लिहायला बसू नका. गेल्या काही मीटिंगमध्ये ज्यांवरून वाद झाला तेवढेच पाच-सहा घ्या. डिक्शनरी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली तर कुणी उघडत नाही, म्हणून ईमेलमधल्या आकड्याच्या नावावरच नोंदीची लिंक द्या. आणि क्वेरी बदलली पण नोंद नाही, असं घडू देऊ नका. दोन्ही एकाच वेळी मंजूर व्हायला हवं, नाहीतर सहा महिन्यांत नोंद खोटी ठरते.

रामबागकर

लिंकचं उद्याच करतो. एक अडलंय. नव्या व्याख्येने मागची वर्षंही पुन्हा मोजायची का? सेल्सचे इन्सेंटिव्ह जुन्या आकड्यांवर दिले गेलेत.

बडोदेकर

आम्ही मागचं मोजलं, पण वेगळ्या नावाने. जुनी मालिका होती तशी ठेवली आणि तिच्यापुढे ‘जुनी व्याख्या, अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलं. इन्सेंटिव्हचा निर्णय मात्र मालकांचा, तो डिक्शनरीत घालू नका.

रामबागकर

ठीक आहे. आता ‘सक्रिय दुकानं’वर गाडी अडली आहे. सेल्स म्हणतं 60 दिवसांत एकदा माल घेतला तरी दुकान सक्रिय, मालक म्हणतात 30. सियागंजचे व्यापारी आठवड्याला माल उचलतात, खेड्यातली दुकानं दीड महिन्याने. एकच आकडा दोघांना लावायचा की बाजारवार वेगळा? वितरणातल्या कुणी हे ठरवलं असेल तर लिहा, इथे वाट बघतोय.