पाहुण्यांचा परिचय: शब्दशः पाठ करावा की मुद्द्यांवरून बोलावं?

वाचनालय_कार्यकर्ती: आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. वक्ते भूजलतज्ज्ञ आहेत. वेळ तीन मिनिटं. घरचे म्हणतात, सगळं लिहून शब्द न् शब्द पाठ कर. मैत्रीण म्हणते, चार मुद्दे काढ आणि बोल. शाळा सुटल्यापासून मी माइकसमोर उभी राहिलेले नाही. काय करू?

वक्तृत्व_परीक्षक: पाठ करा. तीन मिनिटं म्हणजे बोलण्यातले साधारण साडेतीनशे शब्द, म्हणजे जेमतेम दीड पान. एवढं आठवड्याभरात सहज पाठ होतं. नवखा माणूस मुद्द्यांवर बोलायला लागला की एकेका मुद्द्यात अडकतो, "आणखी एक सांगायचं म्हणजे" सुरू होतं आणि तीनाची सात मिनिटं होतात. मग वक्ता घड्याळ बघतो आणि अध्यक्ष माइककडे बघतात. लिहिलेल्या मजकुराला शेवट असतो, मुद्द्यांना नसतो.

मोकळं_बोला: मी उलट सांगेन. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. नजर छताकडे जाते, सूर शाळेतल्या कवितेसारखा लागतो. चर्चिलसारख्या माणसावर १९०४ साली ब्रिटिश संसदेत पाठ केलेलं भाषण विसरून मध्येच खाली बसायची वेळ आली होती. त्यानंतर त्यांनी पाठांतर सोडलं आणि मुद्द्यांवर बोलायला लागले.

सूत्रसंचालक_सांगलीकर: चर्चिलचा किस्सा खरा आहे, पण निष्कर्ष बरोबर नाही. ते मुद्द्यांवर आले नाहीत. महत्त्वाच्या भाषणांचा पूर्ण मजकूर टाइप करून हातात ठेवायचे. ओळी कवितेसारख्या तोडलेल्या असायच्या, म्हणजे मान वर करून परत खाली बघितलं की जागा सापडते. वाक्यं अगोदर घडवलेलीच होती, फक्त ती नुसत्या आठवणीच्या भरवशावर सोडली नव्हती.

पाठांतर का फसतं ते बघा. शब्दशः पाठ केलं की प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचं शेपूट धरून येतं. माइक किंचाळला, कोणी उशिरा येऊन पहिल्या रांगेत बसलं, की ते शेपूट सुटतं आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला परत जावं लागतं. हे घरीच तपासता येतं. कोणाला तरी मजकुरातलं मधलंच एक वाक्य वाचायला सांगा आणि तिथून पुढे बोलून बघा. जमलं तर मजकूर तुमचा झालाय. "थांब, पहिल्यापासून म्हणते" असं झालं, तर तेवढ्यावर विसंबून व्यासपीठावर जाऊ नका.

मुलाखत_उमेदवार: मलाही पाठ केल्याचा फायदा झालाय. "तुमच्याबद्दल सांगा" म्हटल्यावर नाव, शिक्षण, अनुभव सगळं धडाधड सांगितलं. तुम्हीही स्वतःबद्दल दोन मिनिटांचं तयार करून ठेवा.

सूत्रसंचालक_सांगलीकर: त्यांना स्वतःचा नाही, वक्त्यांचा परिचय करून द्यायचाय. दोन्हींत फरक आहे. स्वतःची माहिती चुकली तर आपणच सुधारतो. इथे पदाचं नाव चुकलं तर बिचाऱ्या पाहुण्यांना स्वतःच्याच परिचयात दुरुस्ती करत भाषण सुरू करावं लागतं.

अडखळत_बोलणारा: माझं वेगळं आहे, तरी लिहितो. मी तोतरा बोलतो. माझ्यासारखे बरेच जण अवघड शब्द जवळ आला की ऐन वेळी दुसरा शब्द घालून पुढे जातात. "प्राध्यापक" अडला तर "शिकवायचे" म्हणतो. पाठ केलेल्या मजकुरात ही पळवाट बंद होते. पुढच्या ओळीत कोणता शब्द येणार हे माहीत असतं आणि दोन वाक्यं आधीपासून छाती धडधडते. मला मुद्देच बरे पडतात. पण नावाला पर्यायी शब्द नसतो, तिथे मुद्द्यांचाही उपयोग होत नाही. तोतरं बोलणाऱ्या माझ्या एका मित्राचं मात्र नेमकं उलट आहे. नाटकातले संवाद तो न अडखळता म्हणतो, म्हणून त्याला पाठांतर सोयीचं वाटतं. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

वाचनालय_कार्यकर्ती: माझ्याकडे पाहुण्यांनी पाठवलेलं दोन पानी माहितीपत्रक आहे. पदव्या, समित्या, शोधनिबंध. यातून मुद्दे काढायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

सूत्रसंचालक_सांगलीकर: पत्रक बाजूला ठेवा आणि आधी ठरवा, श्रोत्यांनी या माणसाचं का ऐकायचं? समजा, १९७२च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर घेतले गेले आणि या बाईंनी किंवा बुवांनी विहिरींच्या पाण्याची पातळी मोजण्यात आयुष्य घातलं. मग तुमचं कार्ड असं होईल:

पहिली ओळ, पूर्ण लिहिलेली: "आपल्या गावातल्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी का राहत नाही, याचं उत्तर शोधणारे पाहुणे आज आपल्यात आहेत."
मग तीन तुटक ओळी: "७२ नंतर बोअर वाढले", "विहिरीत टेप सोडून पातळी मोजली", "शेतकऱ्यांना मोजायला शिकवलं".
शेवटची ओळ, पुन्हा पूर्ण: पद, संपूर्ण नाव, व्याख्यानाचा विषय.

तुटक ओळींमध्येही "वाढले", "मोजली", "शिकवलं" अशी क्रियापदं ठेवलीत ते लक्षात घ्या. कार्डावर नुसतं "शिक्षण", "कार्य", "पुरस्कार" लिहिलं की व्यासपीठावर वाक्य सुचत नाही आणि आपण "तर... त्यांचं कार्य असं की" म्हणत राहतो. पहिली आणि शेवटची ओळ मात्र अक्षरशः पाठ करा. पहिलीत धडधड जास्त असते आणि शेवटचीत नाव असतं. नाव कसं उच्चारायचं ते आदल्या दिवशी पाहुण्यांनाच फोन करून विचारा. निवृत्त झालेत का, पद बदललंय का, तेही त्याच फोनवर. पत्रकं बरीच जुनी असतात.

वक्तृत्व_परीक्षक: या पद्धतीला माझा एक आक्षेप आहे. पाठ केलेली पहिली ओळ घोटीव येते आणि दुसऱ्या वाक्यापासून बोलणं ढिलं पडतं. तो सांधा पाचव्या रांगेतही ऐकू येतो. नवख्या माणसाचा तर हमखास. त्यापेक्षा सगळंच एका सुरात असलेलं बरं.

सूत्रसंचालक_सांगलीकर: सांधा दिसतो, हे मान्य. पण त्याचं कारण बहुतेक वेळा ती पहिली ओळ लेखी मराठीत असते हे आहे. "ज्यांच्या कार्यकर्तृत्वाने" असं लिहून मग "त्यांनी ना, विहिरी मोजल्या" म्हटलं की खटकणारच. आधी फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करा आणि जे तोंडातून आलं तेच कागदावर उतरवा.

मोकळं_बोला: मग मी म्हणत होतो तेच झालं, मुद्दे.

वक्तृत्व_परीक्षक: नाही झालं. ज्यांना ऐन वेळी वाक्य जुळवता येतं त्यांच्यासाठी हे कार्ड आहे. घरी एकच मुद्दा तीनदा मोठ्याने बोलून बघा. तिन्ही वेळा तीन वेगळी पण धड वाक्यं निघाली तर कार्ड घ्या. वाक्य अर्ध्यात सुटत असेल तर माझं ऐका, पूर्ण मजकूर पाठ करा आणि ओळी तोडून लिहिलेला कागदही हातात ठेवा. ज्यांची रोजची भाषा मराठी नाही, त्यांनाही मी हेच सांगतो.

सूत्रसंचालक_सांगलीकर: ही चाचणी चांगली आहे. कागद हातात ठेवायलाही माझी हरकत नाही.

वाचनालय_कार्यकर्ती: बोलून बघितलं. विहिरींचं सुरेख येतंय, समित्यांशी आले की वाक्य तुटतं.

सूत्रसंचालक_सांगलीकर: मग समित्या गाळा. नाव शेवटी घ्या, टाळ्या तिथे पडतात.

वक्तृत्व_परीक्षक: समित्या गाळा, पण नाव पहिल्याच वाक्यात घ्या. कोणाबद्दल ऐकतोय हे श्रोत्यांना आधी कळू द्या.