जुना फ्लॅट विकताना लिफ्ट नसल्याचं ऑनलाइन जाहिरातीत कुठे लिहावं?

> ‘लिफ्ट नाही असं लिहिलं तर कोणी फोनच करणार नाही. शीर्षकात प्रशस्त, हवेशीर, लक्झरी घातलं तरच शोधात वर येईल ना?’

नाही पटलं. ‘लक्झरी’ टाइप करून जुना फ्लॅट कोणी शोधत नाही. लोक परिसराचं नाव, बीएचके आणि ‘रीसेल’ टाकतात, आणि मोबाइलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. म्हणून हे शब्द आधी. क्षेत्रफळ देताना कार्पेट एरियाच लिहा. ६१० कार्पेटचा फ्लॅट ‘८०० चौ. फूट’ म्हणून टाकला, की खोल्या बघताच माणसाच्या मनात पाल चुकचुकते आणि मग तो प्रत्येक कागदावर शंका घेतो.

चौथ्या मजल्यावरच्या, बिनलिफ्टच्या अशा फ्लॅटचं शीर्षक मी असं करेन: ‘[परिसर], २ बीएचके रीसेल, ६१० चौ. फूट कार्पेट, चौथा मजला, स्वतंत्र पार्किंग’. लिफ्ट शीर्षकात नको, पण वर्णनाच्या दुसऱ्याच वाक्यात हवी: ‘इमारतीला लिफ्ट नाही, जिना रुंद आहे, प्रत्येक मजल्यावर खिडकी आहे.’ ‘लिफ्ट प्रस्तावित’ हे सोसायटीचा ठराव हातात असल्याशिवाय लिहू नका. जाहिरातीच्या फॉर्ममधल्या सुविधांच्या यादीतली लिफ्टची खूणही काढा, नाहीतर लिफ्ट हवीच म्हणणारे गाळणी लावूनही तुमच्यापर्यंत पोचतात, जिन्यापाशी येऊन परत फिरतात.

ओल असेल तर तीही जागेसकट सांगा: ‘मागच्या बेडरूमच्या पश्चिम भिंतीला पावसाळ्यात ओल येते, बाहेरून दुरुस्ती बाकी.’ नुसतं ‘किरकोळ काम आवश्यक’ वाचलं, की घेणारा सगळ्यात मोठा खर्च गृहीत धरूनच भाव पाडतो.